दोन भजनांमधली जागा

खांदेश्वरच्या तळ्याकाठी शंकराचं मंदिर आहे. तिथल्या महाशिवरात्रीच्या भजनाचा व्हिडिओ माझ्याकडे आला तो एडिट होऊन, एकाच फाइलमध्ये: 1 तास 28 मिनिटं, 4.6 जीबी. मंडळातल्या सगळ्यांना तो व्हॉट्सॲपवर हवा होता, आणि तिथे डॉक्युमेंट म्हणूनसुद्धा 2 जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही.

झिपचे तुकडे करून पाठवता येतात, पण ते सगळे उतरवून जोडल्याशिवाय काहीच दिसत नाही. एमपी४ फाइलमध्ये कुठलं चित्र नि कुठला आवाज कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते. फाइल नुसती कापली की ही अनुक्रमणिका एकाच तुकड्यात राहते आणि बाकीचे तुकडे मुके होतात. प्रत्येक भाग आपला आपण चालायचा, तर प्रत्येकाला स्वतःची अनुक्रमणिका लागते. एफएफएमपेग हे मोफत साधन ती तयार करून देतं.

आधी हिशेब केला. मिनिटाला साधारण 52 एमबी, म्हणजे अर्ध्या तासाला 1.6 जीबीच्या आत. तीन भाग पुरणार होते. पण बरोबर तिसाव्या मिनिटाला कापलं असतं तर अभंग मधेच तुटला असता, आणि ते मला मान्य नव्हतं. म्हणून व्हिडिओ ऐकत दोन भजनांमधल्या जागा शोधल्या. 28:26 ला एक भजन संपतं, मंडळी पाणी पितात, तबला लावला जातो आणि 28:39 ला पुढचं सुरू होतं. दुसरी तशीच जागा 58:03 ला सापडली. या वेळा सेकंदांत लिहिल्या:

```
ffmpeg -i bhajan.mp4 -map 0:v -map 0:a -c copy -f segment -segment_times 1706,3483 -reset_timestamps 1 bhag_%02d.mp4
```

`-c copy` म्हणजे चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, जसंच्या तसं उचललं जातं. त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि काम लवकर उरकतं. `-reset_timestamps 1` मुळे प्रत्येक भागाचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं.

अडचण असते ती की-फ्रेमची. व्हिडिओत पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात. भागाची सुरुवात पूर्ण चित्रानेच व्हावी लागते, म्हणून सांगितलेल्या वेळेनंतर येणाऱ्या पहिल्या की-फ्रेमवर काप पडतो. या फाइलमध्ये दोन की-फ्रेममधलं अंतर 10 सेकंदांपर्यंत होतं. म्हणून मी शांततेची अगदी सुरुवातच दिली होती. काप 28:32 ला पडला, तबला लावताना. 28:35 दिलं असतं तर पुढच्या भजनाचे पहिले शब्द आधीच्या भागात अडकू शकले असते.

तीन भाग 1.4, 1.7 आणि 1.5 जीबीचे झाले. मधला जड झाला, कारण त्यात आरतीची गर्दी आणि लुकलुकणारी रोषणाई आहे. चित्र जितकं हलतं तितका डेटा वाढतो. सरासरीवर विसंबून मर्यादेला टेकवून कापू नये ते याचसाठी.

पाठवण्याआधी प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट फोनवर लावून पाहिला. आवाज सुरू झाला आणि चित्र मात्र काळं किंवा गोठलेलं राहिलं, तर काप की-फ्रेमवर पडलेला नाही असं समजावं. दोन भजनांमधली जागा की-फ्रेमच्या अंतरापेक्षा लहान असेल तर नुसत्या कॉपीने भागत नाही. तेव्हा `-force_key_frames` ला त्याच वेळा देऊन व्हिडिओ पुन्हा एन्कोड करावा लागतो, आणि त्याला बराच वेळ जातो.