वारली पाड्यावरचा तारपा: खरा की शोसाठी?

डहाणू-जव्हारकडे सुट्टीला गेलात की रात्री शेकोटीभोवती 'वारली नृत्य' दाखवलं जातं. ते खरं की खास तुमच्यासाठी, हे कसं ओळखायचं? आधी महिना बघा.

तारपा हे सुकवलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्यांपासून केलेलं, फुंकून वाजवायचं वाद्य. रीतीप्रमाणे तो भात पिकल्यावर, दिवाळीच्या सुमारास घुमतो. मे महिन्यात रोज रात्री आठला वाजतोय? मग तो कार्यक्रम आहे. कार्यक्रम असण्यात गैर काही नाही, पण तिकिटातले किती पैसे नाचणाऱ्यांना मिळतात ते विचाराच. उत्तर टाळलं, तर समजून जा.

खऱ्या नाचाला बोलावणं आलं, तर जरूर जा. तारपावाला पुढे आणि हातात हात गुंफलेली रांग त्याच्याभोवती फिरते. त्याच्याकडे पाठ करत नाहीत. त्यामुळे रीलसाठी मध्ये उभं राहून सेल्फी घेतलात, तर नेमकी तीच चूक होते.

लग्नचौकाचंही तसंच. तो लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, देवीसाठी. बोलावल्याशिवाय तिथे डोकावू नका. चित्रच हवं असेल, तर पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्या गंजाडसारख्या गावात, आधी विचारून, चित्रकाराच्या घरूनच घ्या.