ड्यूक बोलतो, कवी गप्प राहतो

ड्रॅमॅटिक मोनोलॉगमध्ये कवितेतला ‘मी’ कवी नसतो. एक पात्र समोरच्या कुणाशी तरी बोलत असते आणि आपल्याला फक्त त्याचीच बाजू ऐकू येते. रॉबर्ट ब्राउनिंगची १८४२ सालची ‘माय लास्ट डचेस’ याचा उत्तम नमुना आहे.

फेराराचा ड्यूक एका दूताला पडद्याआडचे चित्र दाखवतो. चित्र त्याच्या दिवंगत पत्नीचे, आणि दूत आलाय तो नव्या लग्नाच्या बोलणीसाठी! ड्यूकची तक्रार अशी, की ती कशानेही खूश व्हायची. मावळता सूर्य, कुणी आणून दिलेली चेरीची फांदी, बसायचे पांढरे खेचर, आणि ड्यूकचे नऊशे वर्षांचे घराणे, सगळ्यांची किंमत तिच्या लेखी सारखीच. मग त्याने हुकूम दिले आणि तिचे हसू कायमचे थांबले. लगेच तो हुंड्याकडे वळतो.

ड्यूकला वाटते, आपण आपली प्रतिष्ठा सांगतोय. पण त्याने दोष म्हणून मोजलेल्या गोष्टींतूनच आपल्याला ती निर्मळ मनाची दिसते आणि तो निर्दय. कवी कुठेही त्याला खुनी म्हणत नाही. तपशील निवडणे आणि त्यांचा क्रम लावणे एवढेच त्याचे काम. खुनाच्या सूचनेला हुंडा लागून येतो, ही जुळणी ब्राउनिंगची. ड्यूकला तिच्यात काही वावगे वाटतच नाही. यमके प्रत्येक दोन ओळींना जुळतात, पण वाक्य ओळीपाशी थांबत नाही, त्यामुळे बोलणे सहज वाटते आणि वाचक आधी त्याच्या ऐटीत थोडा गुंततोही.