‘मिसळले’ म्हणताना जीभ कुठे अडते?

‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले.’ हे वाक्य घाईत म्हणायला सांगितले की दुसरीच्या वर्गात हशा पिकतो. मुले बहुतेक शेवटच्या शब्दावर घसरतात. कोणी ‘मिसलले’ म्हणते, कोणी ‘मिसळळे’. हसून झाले की पुढच्या मुलाची पाळी येते आणि खेळ तिथेच संपतो. खरे तर मुलाची जीभ नेमकी कुठे अडते, हे त्या चुकीतून कळत असते.

‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. ‘ळ’ म्हणताना तेच टोक मागे वळते, टाळूला लागते आणि झटकन पुढे सुटते. ‘मिसळले’ या शब्दात ‘ळ’ला लागूनच ‘ल’ येतो, त्यामुळे मागे वळलेली जीभ क्षणात दातांपाशी आणावी लागते. त्यातून ‘मिसलले’ म्हणणाऱ्या मुलाची जीभ मागे वळलीच नाही, आणि ‘मिसळळे’ म्हणणाऱ्याची वळली ती वेळेवर परतली नाही. पहिल्याला ‘ळ’चा सराव हवा, दुसऱ्याला दोन्ही अक्षरे जोडून म्हणण्याचा. दोघांनाही ‘नीट म्हण’ एवढेच सांगून भागत नाही.

पण जिभेआधी कान तपासायला हवा, कारण जो फरक ऐकूच येत नाही तो उच्चारता येणे अवघड. त्यासाठी मराठीत जोड्यांना तोटा नाही : गाल–गाळ, वेल–वेळ, चाल–चाळ, माल–माळ, काल–काळ. बाईंनी तोंडापुढे वही धरावी, म्हणजे मुलांना ओठ-जीभ पाहून ओळखता येणार नाही. मुलांनी डोळे मिटावेत, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून हात वर जाणार नाहीत. दोन शब्द वेगळे वाटले तर हात वर करायचा, सारखेच वाटले तर मांडीवर ठेवायचा. मधूनच ‘वेळ–वेळ’, ‘गाल–गाल’ अशा सारख्या जोड्याही घालाव्यात. नाहीतर दरवेळी हात वर करणारे मूल सगळे बरोबर ओळखते, असा गैरसमज होतो. आठ-दहा जोड्या एका वेळेला पुरेत.

कान पक्का झाला की जिभेची पाळी. हातात छोटा आरसा देऊन ‘ला, ळा, ला, ळा’ हळू म्हणायला लावावे. ‘ळा’ म्हणताना जीभ मागे वळलेली मुलांना स्वतःलाच दिसते. मग अवघड शब्द शेवटाकडून बांधत आणावा : आधी ‘ले’, मग ‘ळले’, मग ‘सळले’, शेवटी ‘मिसळले’. अशाने अडणारा तुकडा सर्वांत जास्त वेळा म्हटला जातो. त्यानंतरच पूर्ण वाक्य, तेही आधी सावकाश. वेग शेवटी वाढवायचा, आणि अक्षरे पुसट व्हायला लागली की पुन्हा कमी करायचा. राळे हे बाजरीहून बारीक भरडधान्य. मूठभर आणून दाखवले तर मुले काय म्हणत आहेत हे त्यांना कळेल.

सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटले की ठणठणीत आवाज येतो, पण त्यात चुका लपतात. म्हणून दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने कुठे अडले ते सांगायचे. ऐकणाऱ्याचे काम बोलणाऱ्याइतकेच कठीण असते. ही वाक्ये पाठ झाली की मुलांना स्वतःची करू द्यावीत. ‘काल सकाळी लीलाने केळी सोलली’ या छोट्या वाक्यात ‘ल’ आणि ‘ळ’ आलटून-पालटून येतात. असे वाक्य रचताना मूल प्रत्येक शब्द कानाने पारखून घेते.

प्रत्येक वेगळा उच्चार चूक नसतो. वऱ्हाडात आणि खानदेशात कित्येक घरांत ‘काळा’ला ‘काया’ म्हणतात. आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. अशा मुलाला हसू नये. घरी तसे म्हणतात आणि पुस्तकात असे, हे दोन्ही त्याला सांगावे. पहिली-दुसरीत पुढचे दात पडलेले असतात, तेव्हा ‘स’ फसफसतो. तो दात आल्यावर बहुधा सुधारतो. मात्र वहीमागून ऐकताना एखादे मूल सतत चुकत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर सर्दी, कानातला मळ किंवा ऐकण्यातला दोष तपासून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवावे.

सरावाचा उपयोग झाला का, हे श्रुतलेखनातून कळते. आठवड्याने ‘वेळ’, ‘गाल’, ‘माळ’, ‘चाल’, ‘मिसळले’ हे शब्द वाक्यांत घालून सांगावेत. ‘मिसळले’ बिनचूक लिहिणाऱ्या मुलाने ते नीट ऐकलेले असते. ज्याचे चुकले, त्याच्यासाठी वेग विसरून पुन्हा जोड्यांपासून सुरुवात करावी.