बिल अडलं, पण कोणत्या ओळीवर?

कामानिमित्त बाहेरगावी जाऊन आलेल्या माणसाने खर्चाचा क्लेम भरला की तो साहेबांच्या सहीने अकाउंट्सकडे जातो. आठवड्याभराने तो परत येतो आणि त्यावर एवढाच शेरा असतो : ‘पॉलिसीत बसत नाही.’ काय बसत नाही, किती बसत नाही आणि बाकीच्या पैशांचं काय, याचा त्यात पत्ता नसतो. खिशातून गेलेले सगळे पैसे एखाद्या ओळीपायी अडकून पडतात. आता बऱ्याच कंपन्यांत ही पहिली तपासणी संगणक करतो आणि निकाल ‘जेसन’ या स्वरूपात पुढे पाठवतो. जेसन म्हणजे ठरावीक नावांखाली मांडलेली माहिती. पगाराची किंवा हिशेबाची दुसरी प्रणाली ती थेट वाचू शकते. पण निकालात काय असायला हवं, हे माणसानेच ठरवायचं असतं, आणि ते नीट ठरवलं नाही तर संगणकही तोच मोघम शेरा मारतो.

एक क्लेम पूर्ण तपासून पाहू. समजा, पुण्यातल्या एका कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर मशीन दुरुस्तीसाठी नागपूरला दोन रात्री राहिला. तिकिटं कंपनीने काढली होती. कंपनीचे नियम असे : हॉटेलची मर्यादा कर सोडून एका रात्रीला 3,500 रुपये, जेवणखाणाची दिवसाला 900 रुपये, आणि 200 रुपयांवरच्या टॅक्सीभाड्याला बिल हवंच. त्याने पाच ओळी भरल्या : हॉटेल 7,140, 12 तारखेचं दुपारचं जेवण 380, त्याच रात्रीचं जेवण 640, 13 तारखेचं जेवणखाण 850, टॅक्सी 450. एकूण 9,460 रुपये.

पहिली ओळ हॉटेलची. 7,140 ला दोनाने भागलं तर रात्रीचे 3,570 होतात, म्हणजे मर्यादेच्या 70 रुपये वर. घाईने तपासणारा इथेच लाल खूण करून मोकळा होईल. पण बिल उघडून पाहिलं तर खोलीभाडं रात्रीला 3,400 आहे आणि त्यावर 5 टक्के जीएसटी लागला आहे. नियम ‘कर सोडून’ म्हणतो, तेव्हा तुलना 3,400 शी करायची. ही ओळ पूर्ण मंजूर. म्हणूनच क्लेमच्या फॉर्ममध्ये मूळ रक्कम आणि कर यांचे रकाने वेगळे हवेत. एकच एकूण आकडा भरून घेतला तर पुढची तपासणी कितीही काटेकोर असली तरी निकाल चुकतो.

जेवणाच्या ओळी सुट्या पाहिल्या तर 380 आणि 640 हे दोन्ही आकडे 900 च्या आत आहेत. मात्र मर्यादा बिलाला नाही, दिवसाला आहे. दोन्ही मिळून 1,020 होतात, म्हणजे 120 रुपये जास्त. त्यामुळे आधी तारीख आणि खर्चाचा प्रकार यांनुसार ओळी एकत्र करायच्या, बेरीज करायची आणि मगच मर्यादा लावायची. खूण कोणत्या ओळीवर करायची, हेही आधी ठरलेलं हवं. वेळेच्या क्रमाने मोजून ज्या बिलाने मर्यादा ओलांडली त्यावर खूण करणं हा सरळ मार्ग. इथे ती रात्रीच्या जेवणावर येते. रात्री उशिराच्या बिलावर कधीकधी बारानंतरची, म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख छापली जाते आणि बेरीज भलत्याच दिवसात जाते. अशा बिलांचा दिवस कोणता धरायचा, तेही नियमातच लिहून ठेवलेलं बरं. 13 तारखेचे 850 मर्यादेत आहेत.

टॅक्सीच्या 450 रुपयांसोबत यूपीआयने पैसे दिल्याचा फक्त स्क्रीनशॉट आहे. पैसे गेले एवढं त्यावरून कळतं, पण ते कशासाठी गेले हे कळत नाही. इथे मर्यादा ओलांडलेली नाही, पुरावा अपुरा आहे. या दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. जेवणाचे 120 रुपये कापले जातील. टॅक्सीचे 450 बिल येईपर्यंत थांबतील आणि बिल आलं की पूर्ण मिळतील. संगणकाचा निकाल मग असा दिसतो :

```json
{
  "status": "needs_action",
  "claimed": 9460,
  "payable_now": 8890,
  "deducted": 120,
  "on_hold": 450,
  "flagged": [
    {"line": 3, "rule": "MEAL_PER_DAY",
     "limit": 900, "day_total": 1020,
     "amount": 120, "action": "deduct"},
    {"line": 5, "rule": "BILL_ABOVE_200",
     "limit": null,
     "amount": 450, "action": "ask_bill"}
  ]
}
```

खूण केलेल्या प्रत्येक ओळीसोबत तिचा क्रमांक, लागलेला नियम, किती रकमेचा प्रश्न आहे आणि पुढे काय करायचं, एवढं सगळं आहे. इंजिनिअरला अकाउंट्सला फोन करून विचारण्यासारखं काही उरत नाही. टॅक्सीच्या ओळीत `limit` समोर `null` आहे, म्हणजे रकमेची मर्यादाच नाही. तिथे शून्य लिहिलं असतं तर ‘एक रुपयाही चालत नाही’ असा अर्थ झाला असता. आकड्यांत स्वल्पविराम किंवा रुपयाचं चिन्हही नाही. `9,460` असं लिहिलं तर वाचणारी प्रणाली तिथेच अडते.

निकाल बरोबर आहे की नाही, हे बेरजेवरून ताडता येतं. आत्ता देय 8,890, कपात 120 आणि थांबवलेले 450 मिळून मागितलेले 9,460 व्हायलाच हवेत. बेरीज जुळली नाही तर एखादी ओळ दोनदा कापली गेली आहे किंवा गळाली आहे, असं समजावं आणि असा निकाल पुढे पाठवू नये.

वरची एकूण स्थिती वेगळ्याने ठरवायची नसते, ती ओळींवरूनच ठरते. एकाही ओळीवर खूण नसेल तर मंजूर. फक्त कपात असेल तर कपातीसह मंजूर. एखादी ओळ कागदासाठी थांबली असेल तर ‘कार्यवाही हवी’, पण तेव्हाही 8,890 रुपये लगेच द्यायला हरकत नसावी. नामंजूर हा शब्द संपूर्ण क्लेमच अमान्य असेल तेव्हासाठी राखून ठेवावा, उदाहरणार्थ दौऱ्याला मंजुरीच नव्हती तर. 120 रुपयांपायी साडेनऊ हजारांच्या क्लेमवर नामंजुरीचा शिक्का बसला तर नियम पाळणाऱ्या माणसालाच त्याचा फटका बसतो.

मर्यादेच्या या तपासणीला काही गोष्टी दिसत नाहीत. टॅक्सीची 190, 195, 198 अशी भाडी एकाच दिवशी पाच वेळा लागली तर प्रत्येक ओळ नियमात बसते. एका टॅक्सीतून गेलेल्या दोघांनी तेच भाडं आपापल्या क्लेममध्ये लावलं तरी दोन्ही क्लेम आपापल्या जागी बिनचूक दिसतात. त्यासाठी क्लेम एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. उलट बाजूही आहे. 640 रुपयांच्या जेवणात कंपनीचा ग्राहक सोबत असेल तर तो खर्च वेगळ्या प्रकारात जातो आणि 120 ची कपात रद्द होऊ शकते. आकड्यावरून हे कळणार नाही, ते इंजिनिअरलाच विचारायला हवं. म्हणून कपात झालेल्या ओळीलाही खुलासा जोडायची सोय असावी आणि त्यावरचा निर्णय साहेबांच्या हाती असावा.