आधी फिरकी बघा, मग नक्षी

बँकेत सोनेतारणासाठी दागिना आला की आमचे सराफ आधी तो उलटा करीत. समोरच्या नक्षीकडे नंतर. आकडा, कडी, कुडीची दांडी जिथे घासते, तिथे धातूचा खरा रंग उघडा पडतो. कचेरीत रोज घालायचा स्वस्त दागिना घेतानाही हीच रीत धरावी.

लोकलच्या गर्दीत सोन्याचे मंगळसूत्र नको म्हणून पुष्कळजणी ‘वन ग्रॅम’चे घेतात. नावात ग्रॅम असला तरी दागिन्यात तेवढे सोने असेलच असे नाही. आत पितळ किंवा तांबे, वर सोन्याचा पातळ मुलामा. तारण ठेवायला गेलात तर त्यावर कर्ज मिळत नाही, हे आधीच समजून असावे. हा मुलामा सगळीकडून सारखा उडत नाही. आधी मानेमागे, घाम आणि केस लागतात तिथे उडतो. मग साखळीच्या कड्या एकमेकींवर घासतात तिथे. म्हणून दुकानात झगमगत्या पदकाकडे न बघता शेवटची कडी बघा. तिचे तोंड झाळलेले आहे की नुसते दाबून मिटवले आहे? ओढणीचा धागा त्यावरून हलकेच ओढावा. अडकला तर फट आहे, आणि ती फट कधीतरी दादरच्या जिन्यात उघडणार. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्या.

मंगळसूत्रापुरता मला मधला मार्ग पटतो. सोन्याच्या दोन लहान वाट्या आणि काळ्या मण्यांची साधी पोत. वाट्यांवर हॉलमार्क आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी बघून घ्यावा. पोत दोऱ्यात ओवलेली असली तर दोरा झिजल्याचे डोळ्यांना दिसते आणि वेळीच पुन्हा ओवून घेता येते. मुलाम्याची साखळी झिजली तर तेवढी सोय नाही. पोत तुटून हरवलीच, तरी सोने जाते ते दोन वाट्यांपुरतेच.

कानातल्यांत मात्र काटकसर जागा बघून करावी. सोन्याच्या मुलाम्याखाली पुष्कळदा निकेलचा थर असतो. वरचे सोने झिजले की निकेल कातडीला लागते आणि काहींचे कान खाजतात, चिघळतात. दांडी भोकातच घासत असते, त्यामुळे हे तिथे लवकर होते. वरचा मोती खोटा असला तरी चालेल, दांडी आणि फिरकी सोन्याची किंवा ९२५ शिक्क्याच्या चांदीची हवी. चांदी काळी पडते खरी, पण पुसली की उजळते, कारण आतही चांदीच असते. फिरकी दोनतीनदा फिरवून पाहावी. आटे न लागता नुसती गरगर फिरली तर तो जोड घेऊ नये.

पावडर, तेल, अत्तर आधी, दागिना शेवटी. संध्याकाळी मऊ सुती कापडाने घाम पुसून प्रत्येक नग वेगळ्या डबीत ठेवावा. एकाच डबीत कोंबले, तर हे दागिने एकमेकांचाच मुलामा खातात.