रिकामी जहाजं आणि मार्गांचं झाड

दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची जहाजं एका बाजूने माल खच्चून भरून निघत आणि पोहोचल्यावर तिथे परतीचा तितका माल नसे. काही बंदरांत रिकामी जहाजं साचत, तर काही बंदरांत माल धक्क्यावर पडून राही आणि जहाज नसे. रिकामं जहाज हलवण्यातही दिवस जातातच. मग कुठलं जहाज कुठे पाठवायचं, म्हणजे समुद्रावर वाया जाणारे दिवस कमीत कमी होतील? वॉशिंग्टनमध्ये जहाजवाहतुकीच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या त्यालिंग कूपमन्स या मूळच्या डच अर्थशास्त्रज्ञाने 1942 साली या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू केला. पुढे जॉर्ज डान्टझिगने आपली सिम्प्लेक्स पद्धत अशाच वाहतुकीच्या प्रश्नाला लावली आणि 1951 मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच वाटेवर तयार झालेल्या पद्धतीला आज नेटवर्क सिम्प्लेक्स म्हणतात. तिचं सगळं बळ एका साध्या गोष्टीत आहे: शेकडो मार्ग उपलब्ध असले, तरी हिशेब एका वेळी मोजक्याच मार्गांच्या झाडावर चालतो.

एक छोटं उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण पद्धत खरी आहे. क बंदरात 40 रिकामी जहाजं जादा आहेत आणि ख बंदरात 30. घ बंदराला 25 जहाजं हवीत, च बंदराला 45. मध्ये ग नावाचं बंदर आहे; तिथे ना जादा ना कमी, जहाजं तिथून फक्त पुढे जातात. क ते ग चार दिवस, ख ते ग तीन, ग ते घ पाच, ग ते च सहा. याखेरीज क ते घ थेट मार्ग सात दिवसांचा आहे, ख ते च थेट दहा दिवसांचा आणि घ ते च दोन दिवसांचा. एक जहाज एक दिवस चाललं की एक जहाज-दिवस खर्ची पडला, असं धरू.

पहिली योजना कोणालाही सुचेल अशी: सगळी जहाजं ग मध्ये आणा आणि तिथून वाटा. क–ग मार्गावर 40, ख–ग वर 30, ग–घ वर 25, ग–च वर 45. खर्च 645 जहाज-दिवस. पाच बंदरं आणि वापरात चारच मार्ग. हे चार मार्ग कागदावर काढले तर त्यांत कुठेही बंद फेरा सापडत नाही, तरीही प्रत्येक बंदर दुसऱ्या प्रत्येक बंदराशी जोडलेलं आहे. यालाच सगळ्यांना कवेत घेणारं झाड म्हणतात. झाड एकदा ठरलं की कोणत्या मार्गावर किती जहाजं, हे निवडायला उरतच नाही. टोकाच्या बंदरापासून सुरुवात करा: घ ला 25 हवीत आणि तिथे येणारा मार्ग एकच, म्हणजे ग–घ वर 25 असणारच. असं आत सरकत गेलं की सगळे आकडे नुसत्या बेरीज-वजाबाकीने मिळतात. एखादा आकडा ऋण आला, तर ते झाड या मागणीला चालत नाही, एवढंच.

पण झाडावरच का अडून राहायचं? समजा, एखाद्या योजनेत वापरातल्या मार्गांचा फेरा तयार झाला आहे. त्या फेऱ्याभोवती एका दिशेने थोडी जहाजं वळवली, म्हणजे काही मार्गांवर वाढवली आणि उलट्या दिशेच्या मार्गांवर तेवढीच घटवली, तर कोणत्याही बंदराचा ताळेबंद बिघडत नाही. एका दिशेने वळवल्यावर खर्च वाढत असेल, तर दुसऱ्या दिशेने तो तेवढाच घटतो. म्हणून खर्च वाढणार नाही अशी एक दिशा नेहमी असते. त्या दिशेने एखादा मार्ग रिकामा होईपर्यंत वळवत राहा, फेरा तुटतो. सगळे फेरे असे तोडले की झाडच उरतं. खर्च कमीत कमी करणारं उत्तर असेल, तर ते एखाद्या झाडावर नक्की सापडतं. सिम्प्लेक्स पद्धतीत ज्याला बेसिस म्हणतात, तो इथे म्हणजे हे झाड.

आता झाड सुधारायचं कसं? त्यासाठी प्रत्येक बंदरात रिकाम्या जहाजाला एक किंमत द्यायची, दिवसांत मोजलेली. क मध्ये ती 0 धरू. झाडावरच्या मार्गाने किंमत प्रवासाच्या दिवसांइतकी वाढते, म्हणून ग मध्ये 4, घ मध्ये 9, च मध्ये 10. ख हून ग ला तीन दिवस लागतात, तेव्हा ख मध्ये 1. या किमती हाती असल्या की झाडाबाहेरचा मार्ग तपासायला दोनच टोकं बघावी लागतात. क ते घ: 0 अधिक 7 म्हणजे 7, पण घ मध्ये जहाजाची किंमत 9 आहे. या मार्गाने गेल्यास दर जहाजामागे दोन दिवस वाचतात. ख ते च: 1 अधिक 10 म्हणजे 11, किंमत 10, तोटा. घ ते च: 9 अधिक 2 म्हणजे 11, किंमत 10, हाही तोटाच.

म्हणून क–घ मार्ग झाडात घ्यायचा. झाडात एक मार्ग वाढला की नेमका एक फेरा तयार होतो. इथे तो क, घ, ग यांचा. क–घ वर जितकी जहाजं जातील, तितकी क–ग आणि ग–घ वरून कमी होतील. क–ग वर 40 आहेत, ग–घ वर 25. म्हणजे 25 पर्यंतच वळवता येतील, आणि ग–घ रिकामा होऊन झाडातून बाहेर पडेल. एक मार्ग आत आला, एक बाहेर गेला: पिव्हट म्हणतात तो हाच. प्रत्येकी दोन प्रमाणे 50 दिवस वाचले, खर्च 595.

किमती पुन्हा पहिल्यापासून मांडाव्या लागत नाहीत, आणि पद्धतीचा वेग यातूनच येतो. ग–घ तोडल्यावर झाडापासून फक्त घ सुटलं होतं आणि ते आता क ला जोडलं गेलं. त्यामुळे घ ची किंमत 9 वरून 7 झाली, बाकी सगळं तसंच. पण त्या एका बदलाने घ–च मार्गाचं चित्र पालटलं: 7 अधिक 2 म्हणजे 9, आणि च मध्ये किंमत 10. मघाशी तोट्यात असलेला मार्ग आता दर जहाजामागे एक दिवस वाचवतो. एकदा नाकारलेला मार्ग कायमचा बाद समजणारा हिशेबनीस इथेच फसतो.

घ–च आत घेतला की फेरा मोठा बनतो: क–घ आणि घ–च वर जहाजं वाढतात, क–ग आणि ग–च वर घटतात. ग–च वर 45 आहेत, क–ग वर 15 उरली आहेत. 15 वळवली, क–ग बाहेर पडला. खर्च 580. या वेळी झाडापासून सुटलेला तुकडा ख, ग आणि च यांचा होता, म्हणून त्या तिघांची किंमत सारखीच एकाने उतरली: ख 0, ग 3, च 9. उरलेले मार्ग तपासा. क–ग: 4 विरुद्ध 3. ग–घ: 8 विरुद्ध 7. ख–च: 10 विरुद्ध 9. एकही मार्ग फायद्याचा नाही. काम संपलं.

पण 580 च्या खाली जाणारी एखादी चलाख योजना आपल्या नजरेतून सुटली नसेल कशावरून? त्याची हमी या किमतीच देतात. कोणत्याही मार्गावर दोन टोकांच्या किमतींतला फरक प्रवासाच्या दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणजे घ ला आलेलं प्रत्येक जहाज, कुठूनही आणि कसंही आलेलं असो, किमान 7 दिवस खाणार आणि च ला आलेलं किमान 9. 25 गुणिले 7 म्हणजे 175, 45 गुणिले 9 म्हणजे 405. बेरीज 580. ज्याला पद्धतीवर विश्वास नाही, त्यालाही उत्तर पडताळायला हा एवढा गुणाकार पुरतो. मला या पद्धतीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

अडचण कुठे येते, तेही याच उदाहरणात दिसतं. समजा क मध्ये 40 ऐवजी 25 जहाजं आहेत आणि ख मध्ये 45. पहिल्या पिव्हटमध्ये क–ग आणि ग–घ दोन्ही एकदमच रिकामे होतात, पण बाहेर काढायचा मार्ग एकच. ग–घ काढला, तर क–ग शून्य जहाजांनिशी झाडात राहतो. पुढच्या वेळी घ–च आत घेऊ गेलो की किंमत सांगते फायदा आहे, पण क–ग वरून घटवायला एकही जहाज नाही. झाड बदलतं, खर्च 580 वर तसाच राहतो. मोठ्या जाळ्यात असे पोकळ पिव्हट ढीगभर येतात. संगणकावर पाहणाऱ्याला त्याची खूण अशी दिसते, की फेऱ्यांचा आकडा वाढत असतो आणि खर्चाचा आकडा हलत नाही. क्वचित तीच झाडं पुन्हा पुन्हा येत राहून हिशेब कायमचा अडकूही शकतो.

विल्यम कनिंगहॅमने 1976 मध्ये यावर नेटकी अट घातली: एक बंदर झाडाचं मूळ धरा, आणि शून्य जहाजांचा मार्ग झाडात ठेवायचा तर त्याची दिशा मुळाकडेच असली पाहिजे. क ला मूळ धरलं तर क–ग मुळापासून दूर जातो, ग–घ मात्र आता घ वरून मुळाकडे नेतो. म्हणून ग–घ ठेवायचा आणि क–ग काढायचा. किमती नव्याने मांडल्या तर ख उणे 1, ग 2, घ 7, च 8 अशा येतात, आणि एकही मार्ग फायद्याचा उरत नाही. पोकळ पिव्हट न करताच उत्तर मिळालं. या अटीने हिशेब गोल फिरत नाही. पोकळ पिव्हट मात्र पूर्णपणे टळतीलच असं नाही. 1973 मध्ये नॉर्मन झाडे यांनी मुद्दाम रचलेली अशी जाळीही दाखवली होती, की जिथे नेहमीच्या नियमाने चालल्यास पिव्हटची संख्या स्फोटासारखी वाढते. जेम्स ऑर्लिन यांनी 1997 मध्ये मार्ग निवडण्याचा असा नियम दिला, की ती संख्या जाळ्याच्या आकाराच्या मानाने आटोक्यात राहते.

ही पद्धत फक्त बेरीज-वजाबाकी करत असल्यामुळे पुरवठा आणि मागणी पूर्णांकात असेल, तर उत्तरही पूर्णांकातच येतं. अर्धं जहाज पाठवायची वेळ येत नाही. मार्गावर जास्तीत जास्त किती जहाजं जाऊ शकतात अशी मर्यादा असली तरी बिघडत नाही: झाडाबाहेरचा मार्ग मग एकतर रिकामा असतो किंवा पूर्ण भरलेला. मात्र तेलवाहू आणि मालवाहू अशी दोन प्रकारची जहाजं एकाच मार्गाची मर्यादा वाटून घेऊ लागली, की एका झाडात सगळा हिशेब मावत नाही. पूर्णांकाची हमी जाते. गर्दीमुळे प्रत्येक जादा जहाजाचे दिवस वाढत जाणार असतील, तर फेरा तोडण्याचा युक्तिवादही ढासळतो, कारण जहाजं दोन मार्गांवर विभागणं हेच तिथे स्वस्त पडू शकतं.