एकच कॉम्प्रेसर, दोन खाती

मिठाईच्या दुकानातला जुना डीप फ्रीझर भर उन्हाळ्यात बंद पडतो. मेकॅनिक येतो, कॉम्प्रेसर बदलतो, गॅस भरतो आणि बारा हजारांचं बिल देतो. हा खर्च महसुली. फ्रीझर काल जे काम करत होता तेच आज करतो आहे, म्हणून सगळे बारा हजार त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतात.

आता समजा, दुकानदाराने बंद पडलेला सेकंडहँड फ्रीझर स्वस्तात आणला आणि दुकानात लावण्याआधी त्यात तसाच कॉम्प्रेसर बसवून घेतला. बिल पुन्हा बारा हजारांचंच, पण खर्च भांडवली. वस्तू वापरायोग्य होईपर्यंत तिच्यावर जे खर्चावं लागतं ते तिच्या किमतीत धरायचं असतं. त्यामुळे नुसतं बिल बघून खातं ठरत नाही. पैसे कुठल्या अवस्थेतल्या वस्तूवर गेले, हे बघावं लागतं.

नवा फ्रीझर घेतानाही हेच लागू होतं. किंमत साठ हजार, टेम्पोभाडं दीड हजार, वेगळी वायर ओढून पॉइंट काढायचे अडीच हजार. अनेक जण शेवटच्या दोन रकमा किरकोळ खर्चात टाकतात. खरं तर मालमत्ता चौसष्ट हजारांची झाली. प्राप्तिकरात यंत्रसामग्रीवर साधारण १५ टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्या निम्माच. दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या मध्याला सुरू केलेल्या फ्रीझरवर पहिल्या वर्षी ४,८०० रुपयेच वजा होतील. पुढच्या वर्षी उरलेल्या ५९,२०० वर १५ टक्के, म्हणजे ८,८८०. दिवस मोजायचे ते वापर सुरू झाल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे.

दुकानाच्या जागेचं गणित जरा नाजूक असतं. रंग, गळकं छत, फुटलेल्या चार फरशा ही चालू दुरुस्ती. पोटमाळा चढवला किंवा दुकान आतून पूर्ण नवं केलं की ती दुरुस्ती राहत नाही. बल्लीमल नवल किशोर खटल्यात एका चित्रपटगृहाच्या मालकाने यंत्रं, फर्निचर, वायरिंग असं सगळंच नवं केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली त्याला चालू दुरुस्ती मानायला नकार दिला. जागा भाड्याची असली तरी पोटमाळ्यासारखा खर्च भांडवलीच राहतो. मात्र त्यावरचा घसारा भाडेकरूला मिळतो.

खरा घोळ कंत्राटदाराच्या बिलात होतो. ‘दुकानाचं काम, दीड लाख’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातला रंग किती आणि पोटमाळा किती, हे वर्षअखेरीस सीएलाही सांगता येत नाही, आणि अधिकारी सगळीच रक्कम भांडवली धरू शकतो. काम सुरू होण्याआधीच कोटेशनमध्ये दोन्ही कामं वेगळी मागून घ्यावीत. पैसेही बँकेतूनच द्यावेत, कारण एका दिवशी एकाच माणसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिले तर मालमत्तेच्या किमतीत ती रक्कम धरलीच जात नाही.